साडेबारा मिलियनचा माणूस महाग की स्वस्त?

दर हंगामात आमच्या लीगमध्ये एकच वाद होतो. फँटसी प्रीमियर लीग या फुटबॉलवरच्या ऑनलाइन खेळात टीम निवडताना एक मित्र कागदावर भागाकार करत बसतो, आणि मग जाहीर करतो, "मोहम्मद सलाहला टीममध्ये घेणं म्हणजे पैसे पाण्यात. एका मिलियनला किती पॉइंट पडतात बघ ना!" त्याचा भागाकार अगदी बरोबर असतो. त्यावरून तो जे ठरवतो ते मात्र चुकतं. हे का होतं ते कळलं की टीम बांधण्याच्या कुठल्याही खेळातला निम्मा हिशेब हाती लागतो, म्हणून आज तेवढंच.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. तुमच्याकडे १०० मिलियन पौंडांचं बजेट असतं. त्यात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर आणि ३ फॉरवर्ड. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त घेता येत नाहीत. दर आठवड्याला त्यातले ११ खेळवायचे, चौघे बेंचवर. खऱ्या मॅचमध्ये ते जे करतील त्याचे पॉइंट तुम्हाला. साठ मिनिटं किंवा जास्त खेळला तर २, त्याहून कमी खेळला तर १. मिडफिल्डरच्या गोलाला ५, फॉरवर्डच्या गोलाला ४, गोलपासला ३. शिवाय एकाला कॅप्टन करायचं, त्याचे पॉइंट दुप्पट होतात. बाकीचे बारकावे बरेच आहेत, पण आजच्यापुरतं एवढं पुरे.

आता मित्राचा भागाकार. २०२४-२५ च्या हंगामात मोहम्मद सलाहची सुरुवातीची किंमत १२.५ मिलियन होती आणि त्याने ३४४ पॉइंट काढले. म्हणजे मिलियनमागे साधारण साडेसत्तावीस. त्याच हंगामात ब्रायन म्ब्यूमो ७ मिलियनला मिळत होता, त्याचे २३६ झाले. मिलियनमागे जवळपास चौतीस. म्हणजे म्ब्यूमो हा जास्त फायद्याचा सौदा. इथवर वाद नाही, आणि म्ब्यूमो त्या वर्षी घ्यायलाच हवा होता.

गडबड पुढे होते. हाच भागाकार सगळ्या टीमला लावला तर काय होईल बघा. समजा तुम्हाला साडेचार मिलियनचे असे अकरा खेळाडू सापडले की प्रत्येकाचे हंगामात १३५ पॉइंट. मिलियनमागे तीस, सलाहपेक्षा सरस. अकरा जणांचे मिळून १,४८५ पॉइंट झाले आणि खर्च झाले ४९.५ मिलियन. बेंचचा किरकोळ खर्च धरला तरी बरेच पैसे खिशात पडून राहिले, आणि त्या पैशांचे पॉइंट मिळत नाहीत. गेल्या काही हंगामांत जगात पहिला येणाऱ्याचे पॉइंट २,७०० च्या पुढे असतात. तुम्ही अत्यंत काटकसरीने, उत्तम सौदे करून, तळाला पोचलात.

कारण या खेळात टंचाई दोन गोष्टींची आहे. पैसे मोजके आहेत हे सगळ्यांना दिसतं. जागाही मोजक्याच आहेत हे पटकन लक्षात येत नाही. मैदानावर अकराच जण उभे करता येतात. भागाकार फक्त पैशाची टंचाई पाहतो, जागेची पाहत नाही. त्यामुळे प्रश्न बदलावा लागतो. 'या माणसाला मिलियनमागे किती?' हे विचारण्याऐवजी 'याला घेतल्यामुळे माझ्या अकरा जागांची बेरीज किती होते?' असं विचारायचं.

ही बेरीज करायची सोपी पद्धत म्हणजे जोडीचा हिशेब. एकट्या खेळाडूची तुलना दुसऱ्या एकट्याशी करायची नाही. सारख्याच पैशांत बसणाऱ्या दोन जोड्या समोरासमोर ठेवायच्या. सलाह १२.५ चा आणि त्याच्यासोबत साडेचार मिलियनचा एक साधा मिडफिल्डर, मिळून १७. दुसऱ्या बाजूला साडेआठ मिलियनचे दोन चांगले मिडफिल्डर, तेही १७. सलाहचे पॉइंट खरे घेऊ, ३४४. बाकी तिघांचे आकडे उदाहरणासाठी मी मनाने धरतोय: साध्याचे हंगामात ६०, साडेआठवाल्यांचे प्रत्येकी १८०.

पहिल्या जोडीचे होतात ४०४, दुसऱ्या जोडीचे ३६०. सलाहची जोडी पुढे आहे, पण फार नाही. साध्याऐवजी कुणी अगदीच बेंचवर बसणारा निघाला तर फरक पुसलाही जाईल.

आता कॅप्टन आणा. समजा प्रत्येक आठवड्याला आपल्या जोडीतल्या सगळ्यात चांगल्या माणसालाच कॅप्टन केलं. पहिल्या जोडीत ३४४ पुन्हा एकदा मिळतात, एकूण ७४८. दुसऱ्या जोडीत १८० पुन्हा, एकूण ५४०. आता अंतर दोनशेच्या वर गेलं. प्रत्यक्षात इतकं पडत नाही, कारण दुसऱ्या जोडीवाल्याच्या टीममध्ये आणखी कुणी महागडा कॅप्टन असू शकतो. पण महाग खेळाडूची किंमत कशासाठी मोजायची ते इथे दिसतं. तो एक जागा अडवतो आणि दोन जागांचं काम करतो. मित्राच्या भागाकारात कॅप्टनचा रकानाच नसतो, आणि म्हणून त्याला सलाह महाग वाटतो.

याच हिशेबातून एक उलटी गोष्टही निघते, ती फारशी कुणी बोलत नाही. पहिल्या महागड्या खेळाडूला जे मोल आहे ते दुसऱ्याला नाही. कॅप्टन एकच असतो. त्यामुळे दुसऱ्या महागड्याला जोडीच्या हिशेबात कॅप्टनशिवाय उतरावं लागतं, आणि तिथे बऱ्याचदा साडेआठवाले जिंकतात. आठवड्यागणिक कॅप्टन बदलता येतो, सोपी मॅच ज्याची त्याला पट्टी देता येते, म्हणून दुसऱ्याचं मोल शून्य नाही. पण दोघांना सारख्याच उत्साहाने घेऊ नये.

ठीक. पण हे सगळं हंगाम संपल्यावरचं शहाणपण झालं. ऑगस्टमध्ये ३४४ हा आकडा कुणाकडेच नसतो. तेव्हा हाताशी काय असतं? मागच्या वर्षीचे पॉइंट आणि पहिल्या चारपाच मॅचमधले गोल. आकड्यांच्या नादी लागलेला माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथे. मीही फसलोय, एकदा नाही, अनेकदा.

मागच्या वर्षीच्या पॉइंटांचं काय होतं ते कोल पामरकडे बघा. २०२३ च्या सप्टेंबरच्या तोंडावर तो मँचेस्टर सिटीहून चेल्सीला आला तेव्हा खेळात त्याची किंमत ५ मिलियन होती. सिटीत त्याला मैदानावर फारसा वेळच मिळत नव्हता, म्हणून इतकी कमी. चेल्सीत तो रोज खेळू लागला, पेनल्टीही त्याच्याकडे आल्या. त्या हंगामात त्याचे २२ गोल झाले, त्यातले ९ पेनल्टीचे, आणि पॉइंट २४४. पुढच्या वर्षी खेळ चालवणाऱ्यांनी त्याची किंमत १०.५ केली. त्या वर्षी त्याने २१४ पॉइंट काढले. खेळ फारसा खालावला नाही, पण सौदा मात्र पार वेगळा झाला. एरलिंग हालांडचंही तेच. पहिल्या हंगामात ११.५ मिलियनला ३६ गोल आणि २७२ पॉइंट, पुढच्या वर्षी किंमत १४ आणि पॉइंट २१७. मागच्या वर्षीचं यश किमतीत आधीच धरलेलं असतं. ते पाहून खेळाडू घेणं म्हणजे कालच्या पावसाचे पैसे आज मोजणं.

पामर स्वस्त का होता याचं कारण नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. किंमत ठरताना त्याच्या पायातल्या कौशल्यापेक्षा तो किती मिनिटं खेळेल याचा अंदाज महत्त्वाचा होता, आणि तो अंदाज एका ट्रान्सफरने कालबाह्य झाला. स्वस्तातला मोठा सौदा बहुतेक वेळा असाच निघतो: क्लब बदललेला, त्याच्या जागेवर खेळणारा दुसरा जखमी झाल्याने संधी मिळालेला, किंवा पेनल्टी मारणारा क्लब सोडून गेल्यामुळे ती जबाबदारी मिळालेला. क्रिकेटवाल्यांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. टी-ट्वेंटीत सहाव्या नंबरचा फलंदाज सलामीला आला की त्याची सरासरी बदलायच्या आधीच त्याला मिळणारे चेंडू बदलतात. डावात चेंडू १२० असतात आणि वरचे तिघे त्यातले बरेच खाऊन टाकतात. फुटबॉलमध्ये मिनिटं, तिथे चेंडू. संधी किती, हा पहिला आकडा.

आता पहिल्या चार मॅचमधले गोल. इथे अपेक्षित गोल ही गोष्ट समजून घ्यावी लागते. आकडेवारीत ती xG या नावाने दिसते. प्रत्येक शॉटला त्याची जागा, अंतर, कोन, पायाने मारला की डोक्याने, हे सगळं पाहून एक संभाव्यता दिली जाते. अशा जागेवरून पूर्वी मारलेल्या हजारो शॉटांपैकी किती आत गेले, त्यावरून. पेनल्टीचा xG ०.७६ ते ०.७९ च्या आसपास धरतात, म्हणजे पाऊण गोलाच्या जरा वर. पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून मारलेला लांबचा शॉट जेमतेम ०.०३ चा असू शकतो. मॅचभरातल्या शॉटांची बेरीज केली की त्या खेळाडूला संधी किती मिळाल्या ते कळतं, आत गेल्या की नाही ते बाजूला ठेवून.

समजा लीगमध्ये पन्नास साधेसुधे खेळाडू आहेत, ज्यांचा xG दर मॅचला ०.२५ आहे. चार मॅचमध्ये एक गोल अपेक्षित. आता निव्वळ नशिबाचा खेळ धरला, तर अशा एखाद्या खेळाडूचे चार मॅचमध्ये तीन किंवा जास्त गोल होण्याची शक्यता शंभरात आठ निघते. ऐकायला कमी वाटते. पण खेळाडू पन्नास आहेत, म्हणजे त्यांच्यातल्या साधारण चौघांचे तीन-तीन गोल झालेले असणार, काहीही वेगळं न करता. आणि गोलांच्या यादीत वरच्या बाजूला तेच चौघे दिसणार. उलट, ज्याचा xG दर मॅचला ०.५ आहे, म्हणजे खरोखर चांगला आहे, त्याचा चार मॅचमध्ये एकही गोल न होण्याची शक्यता शंभरात तेरा-चौदा. असे वीस असले तर दोघे-तिघे भोपळ्यावर असणार. आपण काय करतो? पहिल्यांना घेतो आणि दुसऱ्यांना विकतो.

एका शुक्रवारी मी नेमकं हेच केलं. डेडलाइन पहिल्या मॅचच्या दीड तास आधी असते, वीस मिनिटं उरली होती, आणि मित्राचा मेसेज आला: "अरे, तीन मॅचमध्ये चार गोल मारलेत त्यानं, अजून घेतला नाहीस?" घेतला. नंतर शांतपणे पाहिलं तर त्या चार गोलांमागे एकूण xG दीडसुद्धा नव्हता. एक गोल तर डिफेंडरच्या पायाला लागून आत गेलेला. पुढचे पाच आठवडे तो माझ्या टीममध्ये बसून दोन-दोन पॉइंट देत राहिला.

तेव्हापासून मी एक छोटी शीट ठेवतो. मिडफिल्डरसाठी तिचं सूत्र असं आहे:

```
=B2*(2+5*C2+3*D2+E2)
```

B मध्ये तो साठ मिनिटं खेळण्याची शक्यता. C मध्ये ९० मिनिटांमागचा xG, D मध्ये तसाच अपेक्षित गोलपास, आणि E मध्ये त्याच्या टीमवर गोल न होण्याची शक्यता, कारण मिडफिल्डरला त्याचा एक पॉइंट मिळतो. कंसातला २ हा साठ मिनिटं खेळल्याचा. सूत्र ढोबळ आहे. बदली म्हणून येऊन अर्धा तास खेळणं, बोनस, पिवळं कार्ड, हे त्यात धरलेलं नाही. पण दोन खेळाडूंची तुलना करायला पुरतं.

एक उदाहरण चालवून बघू. माझ्याकडे एक शांत, रोज खेळणारा मिडफिल्डर आहे: xG ०.२५, अपेक्षित गोलपास ०.१५, टीमवर गोल न होण्याची शक्यता ०.३०. कंसातला आकडा येतो २ + १.२५ + ०.४५ + ०.३०, म्हणजे बरोबर ४. समोर मोठ्या क्लबचा चमकदार मिडफिल्डर: ०.४५, ०.२० आणि ०.३५. त्याचा कंस येतो २ + २.२५ + ०.६० + ०.३५, म्हणजे ५.२. आठवड्याला १.२ पॉइंटचा फरक. हात शिवशिवतात.

पण अजून B बाकी आहे. माझा माणूस जवळजवळ नेहमी खेळतो, ०.९५ धरू. चमकदार माणसाच्या क्लबला आठवड्याच्या मध्यात युरोपातल्या मॅच असतात, मॅनेजर खेळाडू फिरवत राहतो, म्हणून ०.८० धरू. गुणाकार केला की पहिल्याचे ३.८० आणि दुसऱ्याचे ४.१६. फरक उरला ०.३६. तीन-चार पटींनी आटला. आकडेवारीच्या बहुतेक याद्या ९० मिनिटांमागच्या असतात आणि त्यात हा B कुठेच दिसत नाही. म्हणून त्या याद्यांमध्ये वरती असे लोक चढतात जे महिन्यात अडीच मॅच खेळलेत.

B कसा ठरवायचा, हा खरा कौशल्याचा भाग. मागच्या सहा मॅचमध्ये सुरुवातीपासून किती वेळा खेळला, कितव्या मिनिटाला बाहेर गेला, त्याच्या जागेवर दुसरा कोण तयार आहे. सतत ५८ व्या मिनिटाला काढला जाणारा खेळाडू या खेळात शाप आहे, दोन मिनिटांसाठी दरवेळी एक पॉइंट जातो.

आता चार पॉइंटांच्या दंडाकडे येऊ. दर आठवड्याला एक बदल फुकट मिळतो, न वापरलेला साठवता येतो, सध्या पाचपर्यंत. फुकटचे संपले की प्रत्येक जादा बदलाला ४ पॉइंट कापले जातात. यावर माझा मित्र जो हिशेब करतो तो सगळेच करतात: "आठवड्याला १.२ चा फायदा, म्हणजे चौथ्या आठवड्यात चार वसूल, पुढे नफाच नफा." मिनिटांचा मुद्दा सोडून दिला आणि १.२ खरे मानले तरी हा हिशेब फसवा आहे.

कारण समोरचा पर्याय 'कधीच न बदलणं' हा नाहीच. पुढच्या आठवड्यात एक फुकट बदल येणारच आहे, तेव्हा हाच माणूस घेता येतो. म्हणजे ४ पॉइंट देऊन तुम्ही विकत काय घेतलं? फक्त एक आठवडा. त्या एका आठवड्याचं मोल १.२. चार रुपये देऊन सव्वा रुपयाची वस्तू घेतल्यासारखं आहे हे, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यातला नफा दोन्ही वाटांनी सारखाच मिळणार आहे.

याला एक रास्त हरकत आहे. पुढच्या आठवड्याचा फुकट बदल मला दुसऱ्या कामासाठी हवा असेल तर? तर मग थांबण्याची किंमत वाढते, कारण तो दुसरा बदल पुढे ढकलला जातो, मग तिसरा. रांग लागली असेल तर सगळ्या रांगेच्या विलंबाची बेरीज करायची. दुखापतींनी एकदम तिघे गेलेत, बेंचवर खेळणारं कुणी नाही, आणि रिकाम्या जागेला शून्य मिळणार आहे, अशा वेळी एका आठवड्याचा फरक सहज चार-पाच पॉइंटचा होतो आणि दंड परवडतो. तसंच नवा माणूस त्याच आठवड्यात कॅप्टन होणार असेल तर त्याचा फरक दुप्पट मोजायचा. पण मॅच पाहताना कुणीतरी आवडला म्हणून चार पॉइंट देणं बहुतेक वेळा तोट्याचंच ठरतं.

किमती वाढतात-उतरतात त्याचाही पुष्कळांना नाद असतो. रात्री किंमत ०.१ ने वाढणार म्हणून मंगळवारीच घाईने बदल करतात. विकताना नफ्याचा निम्माच भाग मिळतो, तोही ०.१ च्या पटीत खाली आणून: ७ ला घेतलेला ७.३ झाला तरी विकून ७.१ च येतात. एवढ्यासाठी बुधवारच्या मॅचमधल्या दुखापतीची जोखीम घेणं मला कधी पटलेलं नाही.

लिलावाच्या खेळात मात्र हे सगळं गणित एका बाबतीत उलटं होतं. फँटसी प्रीमियर लीगमध्ये किंमत ठरलेली असते आणि एकच खेळाडू लाखो टीममध्ये एकाच वेळी असू शकतो. लिलावात एक खेळाडू एकालाच मिळतो आणि किंमत बोली लावणारे ठरवतात. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक टीमकडे १२० कोटी होते, आणि ऋषभ पंत २७ कोटींना गेला, म्हणजे पर्सच्या साडेबावीस टक्के. लिलावात दहा जणांनी एकाच खेळाडूचा अंदाज बांधला तर जिंकतो तो, ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त असतो. म्हणजे बहुधा ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलेला असतो. मित्रांमध्ये लिलाव खेळत असाल तर स्वतःच्या शीटमधल्या आकड्याच्या थोडं खालीच थांबा, आणि मोठी नावं संपल्यावर कुणाकडे किती पैसे उरलेत ते लिहून ठेवा. शेवटच्या तासाभरात ज्याच्या पर्समध्ये जास्त, तो मधल्या फळीतले चांगले खेळाडू तळाच्या किमतीत उचलतो.

शीटच्या शेवटी मी अलीकडे एक रकाना वाढवलाय. प्रत्येक बदलानंतर पुढच्या पाच आठवड्यांत घेतलेल्याचे किती आणि विकलेल्याचे किती. विकलेल्याकडे नंतर कुणी पाहतच नाही, म्हणून हा रकाना डोळे उघडतो. त्या शुक्रवारी घाईत विकलेल्या माणसाने पुढच्या तीनच मॅचमध्ये दोन गोल मारले होते. त्याचा xG आधीही चांगलाच होता, मी फक्त तो पाहिला नव्हता.